बकुळाताईची मान

त्या वर्षी लालबागला तात्यांच्या मसाला कुटायच्या डंकावर नवीन गिऱ्हाईक आलं, की तात्या आधी माझ्या जावेला हाक मारायचे. "बकुळाबाई, जरा हात दाखवा यांना." ती भाजणीची कढई सोडून यायची, पदराला हात पुसायची आणि दोन्ही तळवे उलगडून समोर धरायची. जाड, मऊशार, करडे तळवे, आणि त्यांवरच्या रेषा सुरीने खोल कोरल्यासारख्या. तात्या म्हणायचे, "मिरची भाजून भाजून असा हात होतो. मशीनला येतोय का असा हात?" गिऱ्हाईक मान हलवायचं आणि मिरच्यांची पिशवी तिथेच ठेवून जायचं.

मला राग यायचा. हात काय प्रदर्शनात मांडायची वस्तू आहे? पण ताईला त्याचा अभिमान होता, आणि तिला अभिमान वाटावा अशा गोष्टी आयुष्यात फार आल्या नव्हत्या, म्हणून मी गप्प बसायचे. मी गप्प बसते हे माझ्या ओळखीतलं कुणी खरं मानणार नाही, पण तिथे बसायचे.

बकुळा माझी मोठी जाऊ. मी तिला ताई म्हणायचे, पण अगं-तुगं. मालवणकडच्या एका वाडीतून विसाव्या वर्षी लग्न होऊन काळाचौकीच्या चाळीत आली. तिचे यजमान, रघुवीर भावजी, गिरणीत होते. गिरणी गेली, मग ते एका बँकेच्या दाराशी वॉचमन झाले, आणि एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मूलबाळ नाही. आमच्या आणि तिच्या खोलीतली भिंत फोडून दरवाजा केला होता, तो कधीच लागायचा नाही. माझी पूर्वी जन्मली तेव्हा मी कामावर जायचे, त्यामुळे पोरगी वाढली तिच्याच मांडीवर. पापलेटाचा मधला तुकडा पूर्वीचा. त्यावरून माझ्या नवऱ्याचं, दत्तूचं, आणि तिचं दर रविवारी वाजायचं.

देवमाणूस वगैरे नव्हती ती. हट्टी होती, कुचकट बोलायची, कुणाचं कौतुक म्हणून करायची नाही. मी केलेल्या सोलकढीला ती "ठीक आसा" म्हणाली, तेव्हा मी दत्तूला ऑफिसात फोन करून सांगितलं होतं. सीझनला, म्हणजे शिमग्याच्या आधीपासून मे संपेपर्यंत, ती तात्यांकडे मिरच्या भाजायला जायची. मीही नोकरी सुटल्यापासून तिच्याबरोबर जायला लागले. मी देठं खुडायची, ती कढईवर. ब्याडगी किती भाजायची, लवंगी कधी उतरवायची, धणे करपायच्या आत कसे काढायचे, हे ती वासावरून ठरवायची. शेजारी शिंकून शिंकून माझा जीव जायचा. ती मात्र नाकाला पदरसुद्धा लावायची नाही.

आता मानेचं.

आमच्या घरात काळी मान आधी पूर्वीची. सातवी-आठवीत पोरगी जाड व्हायला लागली, आणि मानेवर मागच्या बाजूने काळपट पट्टा आला. मग काखेत, मग बोटांच्या पेरांवर. हात लावला तर मखमलीसारखं लागायचं. लग्नाला गेलं की कुणीतरी मावशी-आत्या पुढे येऊन म्हणायची, "मान घासत नाहीस का गं?" पोरगी जेवण अर्धं टाकून उठायची. ताईने बेसन, लिंबू, दही, काय काय थापलं. घासणीच्या दगडाने घासलं. दादरला पार्लरमध्ये ब्लीच करून आणलं, तर कातडी भाजली आणि वर अजून काळी पडली. कॉलेजला गेल्यापासून पूर्वी उकाड्यातही गळ्याभोवती ओढणी गुंडाळून बसायची. वीस वर्षांची पोरगी, बिनबाह्यांचा कुडता कधी घातला नाही तिने.

मग एका दिवाळीत ताईचीही मान काळी व्हायला लागली.

ती छप्पन्न वर्षांची, आणि अंगाने आधीपासून वाळकी. हाडावर मांस चढलंच नाही कधी. पूर्वीची मान काळी व्हायला वर्षं लागली होती. ताईची दसऱ्यानंतर सुरू झाली आणि संक्रांतीला तिळगूळ देताना मी बघितलं, तर कानामागपर्यंत गेलेली. काखा काळ्या, पेरं काळी. खाज सुटायची म्हणून ती दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी राहायची. पाठीवर बारीक बारीक चामखिळींचं पीकच आलं, आधी एकही नव्हती. आणि तळवेही त्याच सुमारास तसे होत गेले, तात्यांनी पुढे लोकांना दाखवावेत असे.

"उष्णता गो," ती म्हणायची. "जन्मभर चुलीच्या इस्तवापुढे बसलंय. भायर येतली नाय तर काय?" सब्जा झाला, गुलकंद झाला, धण्या-जिऱ्याचं पाणी झालं. चाळीतल्या बायकांनी माना डोलावल्या. मिरचीवाल्या बाईला उष्णता नाही होणार तर कुणाला होणार? आमच्या गल्लीत हे सगळ्यांना इतकं पटण्यासारखं होतं, की कुणी दुसरा विचारच केला नाही.

मग दत्तूच्या मोबाईलवर कुठूनतरी आलं, की काळी मान म्हणजे शुगर. त्याने ते सगळ्या चाळीला मोठ्याने वाचून दाखवलं. माघी गणपतीला मंडळाने आरोग्य शिबिर ठेवलं होतं, मंडपातच टेबलं मांडून. दत्तूने ताईला ओढत नेलं. बोटाला सुई टोचली, मशीनमध्ये आकडा आला, टेबलावरच्या मुलीने सांगितलं, "आजी, शुगर नॉर्मल." ताई जी तिथून निघाली, ती प्रत्येक दारात थांबत आली. "शुगर नॉर्मल हा माझी. उगाच भीती घालत होते." घरात शिरल्यावर पूर्वीकडे बोट दाखवून मला म्हणाली, "ह्या पोरीची तपास आधी. माझं काय नाय."

त्या दिवसापासून तिच्या मानेचा विषय बंद. कुणी काढला की ती एकच वाक्य फेकायची, शुगर नॉर्मल. दत्तूलाही तेच बरं वाटलं. शुगर नाही म्हणजे काही नाही, असं आम्ही सगळे धरून बसलो.

तिचं जेवण मात्र कमी होत चाललं होतं. आख्खी भाकरी खाणारी बाई चतकोरावर "भरलं" म्हणायची. वर पोटात जळजळ, मग सोडा टाकून पाणी प्यायची. ब्लाऊज सैल झाले, तर तिने बाजूने टाके मारले. सकाळचा चहा पिताना तोंड वाकडं करायची, म्हणायची ओठ खरखरीत झालेत, तोंडात आतून चरचरतं. मी विचारलं की सीझन, उपास, वय, यातलं एक काहीतरी तोंडावर फेकायची. तात्यांकडे रांग लागलेली. कढईपुढे घाम गाळणारी बाई बारीक होते, यात कुणाला काय नवल वाटणार?

एप्रिलमध्ये पूर्वीनेच मला धरून बसवलं. तीन महिने तिची पाळी आली नव्हती. हनुवटीवर केस यायला लागले होते, ते ती गुपचूप धाग्याने काढून घ्यायची. "आई, मला पार्लर नको, डॉक्टरकडे ने." इतकं शहाणपण आमच्या घरात त्या पोरीलाच सुचलं. मी परळला पालिकेच्या हॉस्पिटलात जायचं ठरवलं. ताई म्हणाली, मीपण येते. मी म्हटलं, "तुझा सीझन आहे, तात्या ओरडतील." तर म्हणाली, "पोरीला कपडे काढून बघतले. मी आसंय बरोबर. तू भांडत बसशील."

त्वचेच्या ओपीडीत दुपार झाली. आतमध्ये एक तरुण डॉक्टरीण होती, अनुजा म्हणून. तिने पूर्वीला पडद्यामागे नेलं, मान, काखा, पेरं नीट बघितली. मग समोर बसवून प्रश्न विचारले. कधीपासून आहे? वजन त्याच सुमारास वाढलं का? पाळी कशी येते? घरात कुणाला मधुमेह? माझ्या आईला होता, मी सांगितलं.

"हा मळ नाहीये," ती पूर्वीला म्हणाली. "कितीही घासलं तरी निघणार नाही. उलट घासून आणि ब्लीच करून कातडी जास्त काळी होते. वजन वाढतं तेव्हा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग शरीर जास्त जास्त इन्सुलिन बनवतं, आणि त्यामुळे घड्यांमधली त्वचा अशी जाड आणि काळी होते. पाळीचं आणि हनुवटीच्या केसांचंही याच्याशीच नातं असू शकतं." तिने उपाशीपोटीची शुगर, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्ताची तपासणी, थायरॉईड आणि पोटाची सोनोग्राफी लिहून दिली, आणि बायकांच्या विभागात दाखवायला सांगितलं. "वजन कमी झालं की मान हळूहळू उजळेल. वेळ लागेल. घाबरायचं नाही, पण सोडूनही द्यायचं नाही. आत्ता सोडलंस तर पुढे मधुमेह येईल."

पूर्वी रडायला लागली. मला वाटलं मधुमेहाचं ऐकून. तर म्हणते, "म्हणजे मी घाणेरडी नाहीये." मला इतकं वाईट वाटलं, की मी खिडकीबाहेर बघत बसले.

आणि मग ताईने तोंड उघडलं. तिला राहवेना. पोरीला धीर द्यायचा होता आणि थोडा तोराही मिरवायचा होता. पदर बाजूला करून तिने डॉक्टरणीपुढे मान वाकवली. "बघ गो बाय, माझीपण काळी आसा. हिच्यापेक्षा जास्त. माझी शुगर एकदम नॉर्मल."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. उठून आली आणि ताईच्या मानेला हात लावला. "हे कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"या दिवाळीपासून? त्याआधी काहीच नव्हतं?"

"नाय."

"हात बघू."

ताईने तात्यांच्या गिऱ्हाइकाला दाखवायची तसे तळवे पुढे केले, आणि तात्यांचंच वाक्य म्हणाली, मिरची भाजून असा हात होतो. डॉक्टरीण माझ्याकडे वळली. "तुम्ही काय करता?" मी सांगितलं, मीपण तिथेच, देठं खुडते, कुटलेला मसाला भरते. "दाखवा तुमचे हात." मी ठेवले. टेबलावर दोघींचे तळवे शेजारी शेजारी. माझे लालसर, रापलेले, बोटांना चिरा, पण हाताचे तळवे ते तळवेच. तिचे म्हणजे बोकडाच्या पोटातली वजडी कशी असते, जाळीजाळीची, मऊ, दुमडलेली, तसे. इतके महिने मी ते हात रोज बघत होते. माझ्या हातांशेजारी मांडल्यावर ते माणसाचे वाटेनात.

डॉक्टरणीने तिला तोंड उघडायला लावलं, ओठ उलटे करून बघितले. पाठीवरच्या चामखिळी बघितल्या. वजन केलं. जेवण किती जातं, विचारलं. ताई सांगायच्या आधी मीच सगळं सांगून टाकलं. चतकोर भाकरी, जळजळ, ब्लाऊजचे टाके.

"पण शुगर नॉर्मल आहे ना," ताई म्हणाली. यावेळी आवाज बारीक होता.

"काकी," डॉक्टरीण तिच्यासमोर स्टूल ओढून बसली. "शुगर नॉर्मल आहे, तुम्ही बारीक आहात, तरी मान काळी झालीये. म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. हिचं वर्षानुवर्षं हळूहळू आलंय, वजनाबरोबर. तुमचं काही महिन्यांत आलं, खाज आहे, तळवे आणि तोंडसुद्धा धरलंय, आणि वजन उतरतंय. अशा वेळी आतमध्ये काही आजार आहे का, ते शोधावं लागतं. पोटात दुर्बीण घालून बघू. त्यात उशीर करायचा नाही. आधी बघू, मग नाव देऊ."

नाव तिने दिलं नाही. पण मी काही दुधखुळी नाही. परळला कुठल्या आजाराची माणसं कुठून कुठून येऊन फूटपाथवर बिछाने टाकून राहतात, हे बघत मी म्हातारी झालेय.

बाहेर आल्यावर ताई काय म्हणाली असेल? "मे संपू दे. तात्यांका शब्द दिलंय." मी तिथे कॉरिडॉरमध्येच तोंड सोडलं. माणसं वळून बघायला लागली. पूर्वी माझा हात ओढत होती. ताई जिना उतरायला लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला उठायला थोडा उशीर झाला, तर ही डबा घेऊन लालबागला निघूनही गेली होती.

मी तशीच गाऊनवर ओढणी टाकून गेले. तात्यांच्या दुकानात पाच-सहा बायका पिशव्या घेऊन उभ्या, आणि ताई तळवे उघडून उभी. तात्यांचं ते वाक्य चालू होतं. मी म्हटलं, "तात्या, तो मिरचीने झालेला हात नाही. आजाराचा आहे. डॉक्टरने सांगितलंय, पोटात दुर्बीण घालायची आहे, आणि ही बाई तुमच्या शब्दासाठी इथे उभी आहे. तीस वर्षं तुम्ही स्वतः कढईपुढे बसलात. दाखवा तुमचा हात या बायकांना."

तात्यांनी हात दाखवला नाही. त्यांनी ताईचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, बराच वेळ बघितले आणि खाली सोडले. मग कढईखालचा गॅस बंद केला. "बकुळाबाई, उद्यापासून यायचं नाही. बऱ्या व्हा, मग या." ताईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची भाकरी हिसकावून घेतलीय. चाळीपर्यंत ती माझ्यापुढे दहा पावलं चालली. मला त्याची पर्वा नव्हती. दुर्बीण घातली जाणार होती.

घातली. जठरात गाठ होती. तुकडा काढून तपासला, मग स्कॅन झाला. कॅन्सर, आणि तो यकृतापर्यंत गेलेला. आम्हाला जवळच कॅन्सरच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथले डॉक्टर दत्तूला आणि मला बाजूला घेऊन सांगायला लागले, तर ताई मागून येऊन उभी राहिली. "मान माझी, पोट माझा. माकाच सांगा." त्यांनी सांगितलं. ऑपरेशनने काढता येण्यासारखं राहिलं नाही. औषधं देऊन आजार मागे रेटता येईल, काही महिने, कदाचित जास्त. बरा होईल असं ते म्हणाले नाहीत.

मी विचारलंच. "दिवाळीत मान काळी व्हायला लागली, तेव्हाच आलो असतो तर?"

डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही, त्याचे उपकारच म्हणायचे. "नक्की सांगता येत नाही. असं त्वचेवर दिसतं, तेव्हा पुष्कळदा आतला आजार पुढे गेलेला असतो. पण लवकर आलेलं कधीही चांगलं. वाट बघण्यात फायदा काहीच नव्हता."

त्या दिवशी घरी येऊन मी दत्तूच्या मोबाईलवर, शिबिरावर, सब्ज्यावर, तात्यांवर, सगळ्यांवर आगपाखड केली. ताई पलंगावर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "झाला? आता भात लाव."

औषधं चालू झाली. केस गेले, ओकाऱ्या झाल्या, तोंड आलं. पण दोन-तीन वेळा औषध गेल्यानंतर एक गोष्ट घडली. खाज थांबली. मग तळव्यांची जाळी उतरायला लागली. एक दिवस ती भांडं घासताना थांबली आणि म्हणाली, "शांता, बघ गो, माझे हात इले." खरंच, तिचे स्वतःचे हात होते ते, रेषा दिसणारे. गणपतीपर्यंत मान निम्मी उजळली. अनुजा डॉक्टरणीला दाखवायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, औषधाचा गुण येतोय, आतली गाठ लहान झाली की बाहेरचंही उतरतं. आणि मला दाराशी थांबवून म्हणाली, "मानेवर लक्ष ठेवा. परत काळी व्हायला लागली, खाज आली, तर तारखेची वाट न बघता यायचं. तब्येत ठीक वाटत असली तरी."

मग आमच्या घरात एक नेमच लागला. अंघोळ झाली की ताई गॅलरीत पाटावर उन्हात बसायची आणि मागे न बघता म्हणायची, "मान बघ गो." स्वतःची मान कुणालाच दिसत नाही. आरशात बघायची तिची तयारी नव्हती, डोक्यावर केस नव्हते म्हणून. मी बघायचे आणि सांगायचे. बरी आहे. कालच्यापेक्षा बरी. मग ती पूर्वीची मान बघायची. पूर्वीच्या तपासण्यांत शुगर काठावर आली होती, अंडाशयातही दोष निघाला होता. तिला गोळ्या चालू झाल्या होत्या, आणि काकीला रोज संध्याकाळी चालायला न्यायच्या निमित्ताने ती स्वतःही चालायला लागली होती. काकी दोन वळणांनंतर बसायची, पोरगी मैदानाच्या फेऱ्या मारायची. पोरीचा घेर उतरला, पाळी आली, मानेचा पट्टा पुसट झाला. दिवाळीत तिने बिनबाह्यांचा कुडता घातला, तेव्हा ताईने तिच्याकडे बघून "ठीक आसा" म्हटलं. दोघी एकमेकींच्या मानांवरून भांडायच्या, कुणाची जास्त उजळली म्हणून. मी त्या भांडणात पडले नाही. घरात हसण्याचा आवाज येत होता आणि मला तो हवा होता. मी मूर्खासारखी मनात धरून बसले होते, की डॉक्टर चुकले असतील.

माघ लागला. मंडपाचे बांबू यायला लागले होते. तात्यांनी माणूस पाठवून विचारलं होतं, बकुळाबाई नुसत्या येऊन बसल्या तरी चालेल, वास घेऊन सांगतील. ताईने येईन म्हणून निरोप धाडला. दोन दिवस तिने भाकरी अख्खी खाल्ली, तेव्हा मीही म्हटलं, जाऊ दे, बसेल घटकाभर.

ताईची अंघोळ उशिरा झाली होती, दुपारच्या जेवणाची वेळ आली होती. पूर्वी आत ताटावर बसली होती. ताई पाटावर, पाठ माझ्याकडे. डोक्यावर बोटभर केस आले होते, पांढरे, लहान मुलासारखे मऊ. "मान बघ गो," ती म्हणाली.

मी पदर बाजूला केला. कानामागे, घडीच्या आत, काळी रेघ होती. आधी वाटलं सावली. मी तिला उन्हाकडे थोडं वळवलं. रेघ तिथेच. बोट ठेवलं, तर मखमल लागली. खाली खांद्याच्या टोकापर्यंत, पसरायला लागलेली. गेल्या आठवड्यात नव्हती, शपथेवर सांगते, नव्हती. पाठीवर नखांचे ओरखडे होते. म्हणजे खाज परत आली होती आणि तिने मला सांगितलं नव्हतं.

एका हातात पदर धरून, दुसरा तिच्या खांद्यावर ठेवून मी तशीच राहिले. मंडपवाले खाली बांबू आपटत होते. आत पूर्वीने काहीतरी विचारलं, लोणचं कुठे आहे म्हणून, मी उत्तर दिलं नाही.

ताई वळली नाही. गॅलरीच्या कठड्याकडे बघत बसली.

"शांता, तू गप्प बसणारी नाय," ती म्हणाली. "गप्प बसलंस म्हणजे काळी आसा."

"हो," मी म्हटलं.

तिने पदर ओढून मान झाकली. माझा हात अजून तिच्या खांद्यावर होता, त्यावर तिने आपला हात ठेवला. तळवा खरखरीत व्हायला लागला होता.

"उद्या जाऊया डॉक्टराकडे," ती हळूच म्हणाली. "पोरगी जेवता ना? जेवांदे तिका आधी. लोणचा फळीवर आसा, दी तिका."